कटलेटच्या कुरकुरीतपणाला किती तेल लागतं?

तापलेल्या तेलात कटलेट सोडलं की ते चरचरतं. तो आवाज तेलाचा नसतो, पाण्याचा असतो. साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअस तेलात कटलेटच्या पृष्ठभागावरचं पाणी क्षणात उकळतं, वाफ होऊन बाहेर पळतं, आणि तिच्या बुडबुड्यांमुळे तेल खळाळतं. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. म्हणून नीट तापलेल्या कढईतला पदार्थ तळला जात असताना कमी तेल पितो. खरं तेल शिरतं ते नंतर, झाऱ्याने कटलेट बाहेर काढल्यावर. कटलेट निवू लागतं, सालीतल्या बारीक भोकांत अडकलेली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते, तिथे पोकळी तयार होते, आणि बाहेरच्या बाजूला चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. टिपकागदावर ताबडतोब आणि दोन्ही बाजूंनी टिपलं तर फरक पडतो तो याचमुळे.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं की एअर फ्रायरबद्दलच्या बहुतेक निराशा इथूनच सुरू होतात. कटलेट कोरडं झालं, पांढरट राहिलं, वरून भेगाळलं, पनीर रबरासारखं झालं, अशा तक्रारी घरोघर ऐकू येतात, आणि मग ते यंत्र ओट्याच्या कोपऱ्यात फक्त पापड भाजायला उरतं. दोष यंत्राचा फार थोडा असतो. कढईतलं तेल एकाच वेळी तीन कामं करतं. ते उष्णता पदार्थापर्यंत पोचवतं, वरचा थर खरपूस आणि कुरकुरीत करतं, आणि मसाल्याचा वास-रंग विरघळवून जिभेपर्यंत आणतं. एअर फ्रायर यांतलं फक्त पहिलं काम स्वतःकडे घेतो. उरलेल्या दोन कामांसाठी थोडं तेल लागतंच. प्रश्न एवढाच की ते कुठे घालायचं.

यंत्र म्हणून एअर फ्रायर अगदी साधा आहे. वरच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्यापाशी जोरात फिरणारा पंखा, आणि खाली जाळीच्या तळाची टोपली. म्हणजे पंखा असलेली छोटी भट्टी. फ्रेड व्हान डर वाय या डच संशोधकाने विकसित केलेलं हे तंत्र फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये बाजारात आणलं, आणि ‘फ्राय’ हा शब्द त्याला चिकटला तो कायमचा. तळणं मात्र त्यात होत नाही, भाजणं होतं. गरम हवा उष्णता देते, पण तेलाच्या मानाने फार सावकाश. तेच 180 अंश, पण तेलात कटलेटची साल तीन-चार मिनिटांत बनते आणि हवेत तिला बारा-पंधरा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात आतला ओलावा सुकत जातो, आणि साल घट्ट होण्याआधीच आतली वाफ कुठूनतरी बाट काढते. भेगा पडतात त्या अशा.

आता कटलेटचंच उदाहरण घेऊन नीट पाहू. साधं बटाट्याचं कटलेट नको, कारण त्यात दुसरीच अडचण आहे. उकडलेल्या बटाट्यात 100 ग्रॅममागे दोन ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. त्याचं कटलेट तळा, भाजा, वाफवा, प्रथिनं तेवढीच राहणार. ‘एअर फ्रायरमध्ये केलं म्हणजे पौष्टिक झालं’ हा समज इथे कोसळतो. तेल कमी करणं हे यंत्राचं काम आहे, प्रथिनं वाढवणं हे सारणाचं. दोन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात. म्हणून इथे सोया-मटार कटलेट घेतलं आहे.

पन्नास ग्रॅम कोरडे सोया ग्रॅन्युल्स घ्या. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठापासून हे बनतात, त्यामुळे त्यांच्या वजनातला निम्मा भाग प्रथिनांचाच असतो. कडकडीत गरम पाण्यात चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं भिजवा, मग गार पाण्यातून दोनदा धुवा आणि मूठ आवळून पिळा. धुणं महत्त्वाचं आहे. सोयाचा तो उग्र, कच्चट वास बराचसा या पाण्याबरोबर निघून जातो. पिळणं त्याहून महत्त्वाचं, कारण कटलेट बिघडण्याचं पहिलं कारण इथेच दडलेलं असतं. मुठीतून थेंब पडायचा थांबला तरी एकदा पातळ फडक्यात घालून पुन्हा पिळा. पन्नास ग्रॅमचे साधारण दीडशे ग्रॅम होतात.

बटाटे अडीचशे ग्रॅम, सालीसकट आणि अख्खे उकडलेले. चिरून कुकरमध्ये घातले की ते पाणी धरतात आणि मग कितीही ब्रेडचा चुरा घाला, मिश्रण सैलच राहतं. उकडल्यावर सोलून उघडे ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावर किसणीने किसा. गरम बटाटा कुस्करला की त्यातलं स्टार्च चिकट होतं. गार झालेल्या बटाट्यात तेच स्टार्च आवळून बसतं आणि कटलेटला आकार देतं. सकाळी उकडलेले बटाटे संध्याकाळी वापरले तर सर्वांत उत्तम.

शंभर ग्रॅम मटार वाफवून, निथळून, अर्धवट ठेचा. आलं, लसूण, हिरवी मिरची यांचं वाटण, भरपूर कोथिंबीर, धने-जिरे पूड, गरम मसाला, लिंबाचा रस किंवा आमचूर, मीठ. बांधणीसाठी तीस ग्रॅम बेसन, कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजलेलं. कच्चं बेसन इथे चालत नाही. कढईतल्या तेलात ते शिजून जातं, हवेत मात्र त्याचा कच्चा घास तसाच राहतो आणि तो जिभेला लगेच कळतो.

हे सगळं मळल्यावर लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर दाबून पाहा. कडा फाटल्या तर मिश्रण कोरडं आहे, चमचाभर दही घाला. गोळा तळहाताला चिकटून राहिला तर ओलं आहे. पातळ पोहे मिक्सरमधून फिरवून त्यांचं पीठ ठेवलेलं असेल तर त्यातलं चमचा-दोन चमचे घाला आणि पाच मिनिटं थांबा. पोह्यांचं पीठ पाणी शोषून घेतं, आणि ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा त्याची चव आपल्या मसाल्यांशी जास्त जुळते. ही परीक्षा तळताना इतकी कडक नसते, कारण तेल साल पटकन बांधून घेतं आणि मिश्रणातल्या चुका झाकते. हवा काहीही झाकत नाही.

साठ ग्रॅमचे साधारण नऊ कटलेट होतात. बोटाच्या पेरापेक्षा जाड करू नका. वळलेले कटलेट ताटात, झाकण न ठेवता, अर्धा तास फ्रीजमध्ये राहू द्या. वरचा पृष्ठभाग जरा सुकतो आणि आतलं मिश्रण आवळतं.

आता तेल. इथेच सगळी गोम आहे. बहुतेक जण कटलेट कच्च्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात, टोपलीत ठेवतात आणि वरून ब्रशने तेल लावतात. चुरा काही ठिकाणी तेलकट होतो, काही ठिकाणी कोरडा राहतो, आणि शेवटी कटलेट ठिपक्याठिपक्याचं दिसतं, अर्धं तपकिरी, अर्धं पांढरं. पांढरा भाग तोंडात भुसभुशीत लागतो. त्याऐवजी शिळ्या पावाचा किंवा ब्रेडचा चाळीस ग्रॅम चुरा कढईत घ्या, त्यावर दोन छोटे चमचे तेल घाला, बोटांनी चोळून प्रत्येक कणाला लागू द्या आणि मंद आचेवर परतत फिकट बदामी रंगावर आणा. चिमूटभर मीठ आणि थोडं लाल तिखटही यातच घाला. तेल तिखटाचा रंग ओढून घेतं आणि चुरा सुंदर केशरी होतो. हा चुरा आधीच कुरकुरीत झालेला असतो. एअर फ्रायरला मग फक्त तो तसा ठेवायचा असतो आणि आतलं सारण तापवायचं असतं. साल बनवण्याचं काम हवेच्या भरवशावर सोडायचंच नाही.

कटलेट घोळवण्याआधी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाच चमचे पाण्यात कालवून त्यात बुडवून काढा, जास्तीचं निथळू द्या, मग परतलेल्या चुऱ्यात घोळवून तळहाताने घट्ट दाबा. दाबायचं राहिलं तर पंख्याच्या झोताने चुरा उडतो, वरच्या कॉइलला चिकटतो आणि स्वयंपाकघरभर जळका वास सुटतो. तो वास आला की समजावं, पुढच्या वेळी हात जरा जड ठेवायला हवा.

गोव्यात आणि कोकणात कटलेटला, माशाला रवा लावायची पद्धत आहे, आणि गोव्याच्या कटलेट-पावाची मजा त्या रव्याच्या करकरीत सालीतच आहे. रवा एअर फ्रायरमध्ये आणखी हट्टी असतो. तेलाशिवाय तो शेवटपर्यंत पांढरा आणि दाताखाली कचकचणारा राहतो. त्याच्यावरही उपाय हाच, पण थोड्या जास्त तेलात आणि जास्त वेळ परतून. बारीक रवा घ्या, जाड नको.

फ्रायर 190 अंशांवर पाच मिनिटं रिकामा तापू द्या. टोपलीच्या जाळीला ब्रशने तेलाचा हात फिरवा आणि कटलेट एकाच थरात, मध्ये बोटभर जागा सोडून ठेवा. नऊ कटलेट एकदम मावत नसतील तर दोन घाण्यांत करा. टोपली गच्च भरली की हवा फिरत नाही, वाफ कोंडते आणि कटलेट वाफवल्यासारखे मऊ पडतात. अनेक जण टोपली साफ करायला नको म्हणून तळाशी कागद अंथरतात, त्याचाही परिणाम हाच होतो, कारण खालून येणारी हवा अडते. कागद वापरायचाच असेल तर भोकं पाडलेला घ्या आणि पदार्थ ठेवल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. मोकळा कागद उडून कॉइलला लागतो आणि पेटू शकतो.

सात-आठ मिनिटांनी कटलेट उलटा, वरून उरलेलं एक चमचा तेल ब्रशने सगळ्यांवर मिळून फिरवा आणि आणखी पाच मिनिटं ठेवा. झालं की नाही ते रंगावरून पूर्ण कळत नाही, कारण चुरा आधीच रंगलेला आहे. चिमट्याच्या टोकाने वरून हलकेच खरवडा. कोरडा, खरखरीत आवाज आला तर झालं. आवाज दबका असेल तर अजून दोन मिनिटं. बाजूने आतलं सारण डोकावू लागलं तर मात्र लगेच काढा, याचा अर्थ वाफ जागा शोधते आहे.

आता हिशेब. तीन छोटे चमचे तेल म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. नऊ कटलेटांत ते वाटलं तर प्रत्येकात दीड ग्रॅम, म्हणजे तेरा-चौदा कॅलरी. हेच कटलेट कढईत तळलं तर त्याच्या वजनाच्या आठ-दहा टक्के तेल आत जाणं अगदी सामान्य आहे. म्हणजे प्रत्येकी पाच-सहा ग्रॅम, आणि भेगा पडलेलं असेल तर त्याहून जास्त. तुमच्या घरचा आकडा जाणून घ्यायचा असेल तर कढई तेलासकट तळण्याआधी वजनकाट्यावर ठेवा आणि तळणं संपून ती निवल्यावर पुन्हा ठेवा. मधला फरक म्हणजे कटलेटांनी आणि टिपकागदाने मिळून घेतलेलं तेल. ज्यांना हा सगळा खटाटोप नकोसा वाटतो त्यांनी हे एकदा तरी करून पाहावं, त्यानंतर कुणाला पटवून सांगावं लागत नाही.

प्रथिनांचा हिशेबही मांडू. सोयातून पंचवीस-सव्वीस ग्रॅम, बेसनातून सहा, मटारांतून पाच-सहा, बटाटा आणि पावाच्या चुऱ्यातून मिळून आठ. सगळे मिळून पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे एका कटलेटमागे पाच ग्रॅम. नुसत्या बटाट्याच्या कटलेटमध्ये हेच सव्वा-दीड ग्रॅम भरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला ते सुमारे शेहेचाळीस ग्रॅम होतं. तीन कटलेटांत त्यातला तिसरा हिस्सा आला. उष्णतेने प्रथिनं ‘जळून’ जातात अशी एक शंका लोकांना असते. ती तशी जळत नाहीत. त्यांची घडी उलगडते, आणि ती पचायला उलट सोपी होतात. फक्त सालीच्या तपकिरी भागात लायसिन नावाच्या घटकाचा थोडा भाग साखरेशी जोडला जाऊन वाया जातो. साल गडद होईल तसं हे वाढतं, पण एकूण हिशेबात ते फार नाही.

साल गडद न करण्याचं दुसरं, जास्त महत्त्वाचं कारण आहे. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर कोरडे तापले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं. ते कढईतही होतं आणि एअर फ्रायरमध्येही. यंत्र बदललं म्हणून ते टळत नाही. तापमान, वेळ आणि रंग यांवर ते ठरतं. सोनेरी रंगावर थांबावं, चॉकलेटी होऊ देऊ नये. कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि मग ते लवकर काळपट होतात.

आणखी एका ठिकाणी प्रामाणिक हिशेब करायला हवा. तुमच्या घरी कटलेट तव्यावर चार-पाच चमचे तेलात शॅलो फ्राय होत असतील तर एअर फ्रायरने होणारी बचत कढईच्या तुलनेत बरीच छोटी आहे. असते, पण छोटी. बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून, चमचा-दीड चमचा तेलात, मंद आचेवर केलेलं कटलेट या यंत्राच्या तोडीस तोड होतं. यंत्राचा खरा फायदा त्या घरांना होतो जिथे तळणं म्हणजे कढईच असते आणि उरलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरलं जातं. वारंवार तापलेल्या तेलात घातक घटक साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2018 पासून त्यांतल्या ‘पोलर’ घटकांवर 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण घरातल्या कढईत ते मोजणार कोण? एअर फ्रायरमध्ये उरलेल्या तेलाचा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी बाजू हीच आहे.

टिक्कीचं गणित कटलेटपेक्षा थोडं वेगळं. आलू टिक्कीला चुऱ्याचं कवच नसतं, बटाट्याची उघडी साल स्वतःच कुरकुरीत व्हायची असते. तिथे मिश्रणात दोन चमचे तांदळाचं पीठ मळा आणि टिक्कीच्या दोन्ही अंगांना ब्रशने तेल लावा. एका टिक्कीला अर्धा छोटा चमचा पुरतो. आतमध्ये शिजवून कोरडी केलेली, मीठ-आलं-जिरं लावलेली हरभऱ्याची डाळ भरा. दिल्लीकडच्या टिक्कीत ती असतेच, आणि प्रथिनं तिथूनच येतात. पातळ थापा, 200 अंशांवर ठेवा.

नुसत्या डाळीच्या टिक्कीत मात्र एक मोठा खड्डा आहे. भिजवून वाटलेली कच्ची हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ सरळ एअर फ्रायरमध्ये घातली तर ती बाहेरून दगडासारखी कडक आणि आतून पिठूळ, कच्ची राहते. डाळीतल्या स्टार्चला शिजायला पाणी लागतं, आणि हवा तेच आधी पळवते. कढईत तेल इतक्या वेगाने आत उष्णता पोचवतं की पाणी सुटण्याआधी डाळ शिजते. हवेला ते जमत नाही. उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, कोथिंबीर वडीचा. आधी उकडून घ्या, गार झाल्यावर कापा, मग थोडं तेल लावून भाजा. वाटलेल्या डाळीच्या टिक्क्या इडलीपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवून मग 200 अंशांवर आठ मिनिटं ठेवल्या तर आतून मऊ, वरून खरपूस होतात. मोड आलेल्या मटकीच्या टिक्कीलाही हाच नियम. बटाटेवड्याला किंवा भजीला मात्र कोणताही उपाय नाही. पातळ बेसनाचं आवरण तेलाने क्षणात धरलं नाही तर ते जाळीतून खाली गळतं. वडा कढईतच करावा, कमी वेळा करावा आणि मनसोक्त खावा.

उपासाच्या रताळ्याच्या टिक्कीला वरून तेल जवळजवळ लागतच नाही. तिच्यातला शेंगदाण्याचा कूट तापला की स्वतःचं तेल सोडतो आणि साल आपोआप रंगते. कूट थोडा भरडच ठेवा. शेंगदाण्यात प्रथिनं पाव भाग आणि स्निग्धांश जवळपास निम्मा, त्यामुळे तेल टाळलं म्हणून मूठभर जास्त घालू नका.

पनीरची गोष्ट वेगळीच. पनीरमधली चरबी वरून घातलेल्या तेलात नसते, पनीरमध्येच असते. एफएसएसएआयच्या मानकानुसार साध्या पनीरमध्ये ओलावा साठ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि कोरड्या भागात दुधाची चरबी निदान निम्मी असावी. म्हणजे 100 ग्रॅम पनीरमध्ये चाळीस ग्रॅम कोरडा भाग आणि त्यात वीस ग्रॅम चरबी. प्रथिनं अठरा-एकोणीस ग्रॅम. एअर फ्रायर ही चरबी कमी करत नाही, चमचाभर तेल वाचवतो एवढंच. ज्यांना डॉक्टरांनी स्निग्धांश कमी करायला सांगितलं आहे त्यांनी कमी चरबीचं पनीर घ्यावं किंवा तुकडे मोजून खावेत. नुसतं यंत्र बदलून भागणार नाही.

पनीर ग्रिल करताना जो बिघाड होतो तो एकच, ते चिवट होतं. दूध आंबट घालून फाडलेलं असल्याने पनीर चीजसारखं वितळत नाही, कितीही तापवा, आकार धरून राहतं. पण त्यातली प्रथिनांची जाळी जास्त वेळ तापली की आवळत जाते आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढते. म्हणून पनीरला जास्त तापमान आणि कमी वेळ हवा. कटलेटचा नियम इथे चालत नाही. 160 अंशांवर वीस मिनिटं ठेवलेलं पनीर आणि 200 वर नऊ मिनिटं ठेवलेलं पनीर शेजारी ठेवून चाखलं तर हे दोन निराळे पदार्थ वाटतात.

दोनशे ग्रॅम पनीर इंचभर चौकोनी तुकड्यांत कापा, त्याहून लहान नको. फ्रीजमधलं कडक झालेलं असेल तर मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग फडक्याने कोरडं करा. मसाल्यासाठी दही नाही, चक्का घ्या, शंभर ग्रॅम. दह्याचं पाणी टोपलीतून ठिबकतं, पनीर त्या वाफेत उकडतं आणि मसाला तळाशी जळतो. चक्क्यात एक चमचा भाजलेलं बेसन, आलं-लसूण, मीठ, लिंबू, चुरडलेली कसुरी मेथी. मग एक छोटा चमचा तेल पळीत कोमट करा, गॅस बंद करा, त्यात काश्मिरी तिखट घाला आणि लालभडक झालेलं ते तेल चक्क्यात मिसळा. तिखटाचा रंग आणि मसाल्याचा बराचसा वास पाण्यात विरघळत नाही, तेलातच विरघळतो. हा एक चमचा वगळला तर तेच मसाले असूनही पनीर फिकं दिसतं आणि फिकंच लागतं.

अर्धा तास मुरू द्या. कांद्याच्या पाकळ्या आणि ढोबळी मिरची पनीरच्याच आकारात कापा. फ्रायर 200 अंशांवर नीट तापलेला असू द्या, तुकडे सुटे ठेवा, पाच-सहा मिनिटांनी उलटा आणि एकूण आठ ते दहा मिनिटांत काढा. कडांवर तपकिरी ठिपके आले आणि बोटाने दाबल्यावर तुकडा मऊपणे परत आला की थांबा. टोपलीत पांढरट पाणी साचलेलं दिसलं तर वेळ जास्त झाली किंवा फ्रायर नीट तापला नव्हता. कमी चरबीचं पनीर आणखी लवकर आवळतं, त्याला सहा-सात मिनिटंच द्या.

तंदूरचा धुरकट वास यात येत नाही, तो वेगळा आणावा लागतो. पातेल्यात पनीर, मध्ये छोटी वाटी, वाटीत फुललेला निखारा, त्यावर चार थेंब तूप आणि लगेच झाकण. दोन-तीन मिनिटं पुरतात. ज्यांना ‘घरचं पनीर टिक्का हॉटेलसारखं लागत नाही’ असं वाटतं, त्यांच्या ताटात बहुतेक वेळा हा धूरच नसतो, तेल नव्हे.

तेल लावायला साधा ब्रश किंवा पंपाची बाटली वापरा. दाबाच्या डब्यातले तयार स्प्रे घेतलेत तर त्यांतला लेसिथिन टोपलीच्या नॉनस्टिक थरावर चिकट, न निघणारा लेप चढवतो, आणि एकदा तो बसला की प्रत्येक कटलेट तळाला धरतं.

कटलेट जास्त करून ठेवायचे असतील तर चुऱ्यात घोळवल्यावर, भाजण्याआधी, ताटात सुटे मांडून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या आणि मग डब्यात भरा. वापरताना वितळवू नका. वितळताना सुटलेलं पाणी चुरा भिजवतं. थेट 170 अंशांवर दहा मिनिटं आणि नंतर 190 वर पाच-सहा मिनिटं ठेवा. मुलांच्या डब्यात द्यायचे असतील तर भाजून झाल्यावर जाळीवर पूर्ण निवू द्या आणि मगच झाकण लावा. गरम कटलेट डब्यात बंद केलं की त्याचीच वाफ साल मऊ करते, आणि मधल्या सुट्टीपर्यंत चुऱ्याचं सगळं काम वाया गेलेलं असतं.